गोळी रुतते, ठोकळा झुलतो

दोन किलोच्या आसपास वजनाचा एक लाकडी ठोकळा दीड मीटर लांबीच्या दोऱ्यांनी आढ्याला टांगलेला आहे. दहा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने आडवी येते, ठोकळ्यात घुसते आणि आतच अडकून राहते. धक्क्याने ठोकळा मागे झुलतो आणि झुलता झुलता थोडा वर उचलला जातो. प्रश्न एवढाच, की किती वर?

भौतिकशास्त्राच्या वर्गात हे गणित पहिल्यांदा समोर आलं, की हुशार मुलंसुद्धा हमखास एका वाटेने जातात. ऊर्जा नष्ट होत नाही, हे त्यांना पाठ असतं. मग गोळीची गतिज ऊर्जा काढायची, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग आणि त्याचं निम्मं. उत्तर येतं ४५० ज्यूल. ही सगळी ऊर्जा ठोकळा वर उचलण्यात खर्च झाली असं धरायचं. गोळीसकट ठोकळ्याचं वस्तुमान दोन किलो. ४५० ज्यूलमध्ये दोन किलो वस्तू किती उंच जाईल? जवळजवळ २३ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीइतकी.

दोऱ्या मात्र दीड मीटरच्याच आहेत. हिशेबात कुठेतरी मोठी गफलत आहे हे दोऱ्यांकडे नुसतं पाहूनही कळतं. प्रत्यक्षात ठोकळा साडेअकरा सेंटिमीटर उचलला जातो, वीतभरही नाही. २३ मीटर आणि साडेअकरा सेंटिमीटर यांच्यात बरोबर दोनशे पटींचा फरक आहे. हा दोनशेचा आकडा योगायोगाने आलेला नाही. गोळी दहा ग्रॅमची आहे आणि गोळीसह ठोकळा दोन हजार ग्रॅमचा, तोच हा दोनशेचा आकडा.

बरोबर उत्तर काढायचं तर ही घटना दोन तुकड्यांत तोडावी लागते. पहिला तुकडा गोळी लाकडाला भिडल्यापासून ती आत थांबेपर्यंतचा. दुसरा तुकडा ठोकळा हलायला लागल्यापासून झोक्याच्या सर्वांत उंच टोकाला पोचेपर्यंतचा. पहिल्या तुकड्यात संवेग टिकतो, ऊर्जा टिकत नाही. दुसऱ्यात ऊर्जा टिकते, संवेग टिकत नाही. प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा नियम लावायचा असतो आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळीचा संवेग ०.०१ किलो गुणिले ३००, म्हणजे ३. गोळी रुतल्यावर हाच संवेग दोन किलोच्या जोडगोळीत वाटला जातो, तेव्हा तिचा वेग होतो सेकंदाला दीड मीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग साधारण एवढाच असतो. आता दुसरा तुकडा. दीड मीटर वेगाने निघालेला ठोकळा किती चढेल? वेगाचा वर्ग २.२५, त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने, म्हणजे १९.६ ने भागायचं. उत्तर ०.११५ मीटर. गणित दोन ओळींत संपतं, पण ते असंच का करायचं हे त्या दोन ओळींत दिसत नाही.

त्यासाठी गोळी लाकडात शिरते तो क्षण ताणून पाहावा लागेल. समजा गोळी १५ सेंटिमीटर आत जाऊन थांबली. सुरुवातीला तिचा वेग ३००, शेवटी जवळजवळ शून्य, म्हणजे सरासरी १५०. या वेगाने १५ सेंटिमीटर जायला एक हजारांश सेकंद लागतो. एवढ्या वेळात तिला थांबवायचं तर लाकडाने तिच्यावर सुमारे ३००० न्यूटनचं बल लावायला हवं. तीनशे किलोचं ओझं जेवढा दाब देतं, तेवढं हे बल. लाकूड गोळीला मागे रेटतं आणि गोळी तेवढ्याच जोराने लाकडाला पुढे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

आता दोघांचा हिशेब शेजारी शेजारी मांडू. बल दोघांवर सारखंच आहे आणि ते टिकतंही सारखाच वेळ, एक हजारांश सेकंद. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. त्यामुळे गोळीने जितका संवेग गमावला, तितकाच ठोकळ्याने कमावला. यात गळतीला जागाच नाही. लाकूड सागाचं असो की आंब्याचं, गोळी शिशाची असो की पितळेची, हा व्यवहार चोख राहतो.

ऊर्जेचा हिशेब वेळेवर चालत नाही, अंतरावर चालतो. बल गुणिले अंतर म्हणजे दिलेली किंवा घेतलेली ऊर्जा. आणि इथे दोघांची अंतरं सारखी नाहीत. त्या हजारांश सेकंदात गोळी १५ सेंटिमीटर सरकली. ठोकळा किती सरकला? त्याचा वेग शून्यापासून दीड मीटरपर्यंत चढत होता, सरासरी पाऊण मीटर. म्हणजे तो पाऊण मिलिमीटर सरकला. ३००० न्यूटन गुणिले १५ सेंटिमीटर म्हणजे ४५० ज्यूल, ही गोळीने गमावलेली ऊर्जा. ३००० न्यूटन गुणिले पाऊण मिलिमीटर म्हणजे सव्वादोन ज्यूल, ही ठोकळ्याला मिळालेली ऊर्जा. राहिलेले जवळजवळ ४४८ ज्यूल लाकडाचे तंतू तोडण्यात, शिसं चेपण्यात आणि दोन्ही तापण्यात गेले.

मला या गणितातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. ऊर्जा हरवली नाही, हे तर खरंच. पण ती झुलण्याच्या कामी आली नाही, कारण गोळी आणि ठोकळा एकाच वेळात वेगवेगळी अंतरं चालले. टक्करीत ऊर्जा टिकत नाही हे वाक्य नुसतं घोकलं तर ते चमत्कारिक वाटत राहतं. पंधरा सेंटिमीटर आणि पाऊण मिलिमीटर हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्यातलं गूढ संपतं.

दोन तुकडे वेगळे काढता येतात त्यालाही कारण आहे. गोळी हजारांश सेकंदात थांबते. ठोकळ्याला झोक्याच्या टोकापर्यंत जायला सुमारे सहा दशांश सेकंद लागतात, म्हणजे सहाशे पट अधिक वेळ. गोळी थांबते तेव्हा ठोकळा जेमतेम पाऊण मिलिमीटर हललेला असतो. दोऱ्या अजून उभ्याच असतात, त्यामुळे त्या ठोकळ्याला आडव्या दिशेने मागे ओढू शकत नाहीत. बाहेरून आडवं बल नाही, म्हणून संवेग शाबूत राहतो. पुढे दोऱ्या तिरक्या होतात, त्यांचा ताण आणि गुरुत्वाकर्षण ठोकळ्याला अडवू लागतात, आणि टोकाला तो क्षणभर थांबतो तेव्हा त्याचा संवेग शून्य झालेला असतो. मात्र दोरीचा ताण नेहमी ठोकळ्याच्या वाटेला काटकोनात असतो, त्यामुळे तो ठोकळ्याची ऊर्जा वाढवत नाही की कमी करत नाही. गतीतली ऊर्जा तेवढी उंचीत साठत जाते. म्हणून चढण्याच्या टप्प्यावर ऊर्जेचा हिशेब खात्रीने चालतो.

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांचा याच मुद्द्यावर मोठा वाद चालला होता. गतीचं खरं माप कोणतं, वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? देकार्तच्या बाजूचे पहिलं म्हणत. लायबनित्सने १६८६ मध्ये दुसऱ्याची बाजू मांडली. लायडेनचे प्राध्यापक ग्राव्हेसांदे यांनी पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले, तेव्हा वेग दुप्पट झाल्यावर खड्डा चौपट निघाला आणि वर्गवाल्यांना जोर आला. वाद बरीच वर्षं पेटता राहिला. टांगलेल्या ठोकळ्याला दोन्ही मापं लागतात, एकामागून एक. खड्डा अंतराचा हिशेब सांगतो आणि धक्का वेळेचा. दोन्ही पक्षांच्या हातात खरं नाणं होतं, पण त्यांचा बाजार वेगवेगळा होता.

हा वाद चालू असतानाच बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने ठोकळा प्रत्यक्ष टांगला. जन्म १७०७, गाव बाथ. तोफांच्या विद्येवरचं त्याचं पुस्तक १७४२ मध्ये आलं. त्याची अडचण आपल्या गणिताच्या उलटी होती. आपल्याला वेग दिलेला असतो आणि उंची हवी असते. त्याला उंची मोजता येत होती आणि वेग हवा होता. बंदुकीची गोळी किती वेगाने सुटते हे तोवर कोणी नीट मोजलेलंच नव्हतं. मोजणार कसं? शंभर फूट जायला गोळीला सेकंदाचा सोळावा-सतरावा हिस्सा लागतो आणि तेव्हाच्या घड्याळांना एवढा बारीक काळ पकडता येत नव्हता. रॉबिन्सने वेळ मोजायचा नादच सोडला. त्याने गोळीचा संवेग एका जड लंबकाला देऊन टाकला. सहाशे-सातशे पट जड वस्तूत तो संवेग वाटला गेला की वेग तितक्याच पटीने उतरतो आणि डोळ्यांनी पाहता येईल इतका संथ होतो. या साधनाला आज बॅलिस्टिक पेंड्युलम म्हणतात.

त्याची बांधणी साधी होती. अवजड माल उचलायला वापरतात तशी तीन पायांची घोडी, तिच्या माथ्यावर आडवा आस, आसाला लोखंडी लंबक आणि लंबकाच्या खालच्या पात्यावर जाड लाकडी फळी. सगळं मिळून वजन ५६ पौंड ३ औंस, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो. गोळी पाऊण इंच व्यासाची शिशाची, पौंडाच्या बाराव्या हिश्श्याएवढी, आजच्या मापात सुमारे ३८ ग्रॅम.

हा लंबक दोरीला टांगलेल्या ठोकळ्यासारखा नव्हता. त्याचं वजन वरपासून खालपर्यंत पसरलेलं होतं, त्यामुळे त्याचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने हलत होता. म्हणून रॉबिन्सने लंबकाचा गुरुत्वमध्य आसापासून किती दूर आहे ते मोजलं. गोळी आसापासून किती अंतरावर लागते ते मोजलं. मग लंबकाला हळूच हलवून त्याचे झोके मोजले, आणि २०० झोक्यांना २५३ सेकंद लागतात हे पाहून हा अवजड लंबक किती लांबीच्या साध्या लंबकासारखा वागतो ते काढलं. पाठ्यपुस्तकातला दोरीचा ठोकळा हे या सगळ्याचं सोपं रूप आहे. चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ठोकळा टांगला तर तो न फिरता सबंध सरकतो आणि वरच्या दोन ओळी पुरतात. एका सळईला घट्ट बसवला तर रॉबिन्ससारखा लांब हिशेब करावा लागतो.

झोका मोजायची त्याची युक्ती मला फार आवडते. लंबकाच्या खालच्या टोकाला त्याने एक अरुंद फीत जोडली. ती फीत पोलादाच्या दोन कडांमधून किंचित दाबाने सरकत होती. लंबक मागे गेला की फीत ओढली जाई. लंबक परतला तरी ओढलेली फीत तशीच राही. मग बाहेर आलेली लांबी सावकाश मोजायची. उंची मात्र त्याने मोजली नाही, आणि त्यात खोल शहाणपण आहे.

आपल्या ठोकळ्याची उंची साडेअकरा सेंटिमीटर निघाली. पण तो मुळच्या जागेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत किती दूर गेला? जवळजवळ ५९ सेंटिमीटर. शिवाय उंची वेगाच्या वर्गाने बदलते. वेग निम्मा झाला तर उंची पावपट होते आणि मोजायला काही उरतच नाही. हे सरळ अंतर मात्र वेगाच्या साध्या प्रमाणात बदलतं. वेग निम्मा तर फीतही निम्मी. म्हणजे रॉबिन्सच्या फितीवरचे इंच हे एका ठरलेल्या पटीत थेट गोळीचा वेगच होते.

या साधनाने त्याला सुमारे १६७० फूट, म्हणजे सेकंदाला पाचशे मीटरच्या वर वेग मिळाला. आवाजापेक्षा दीडपट वेगवान. मग त्याने बंदूक मागे मागे नेत तीच गोळी तेवढ्याच दारूने झाडली. २५ फुटांवरून १६७०, ७५ फुटांवरून १५५०, १२५ फुटांवरून १४२५. शंभर फुटांच्या हवेत गोळीने २४५ फूट वेग गमावला होता. एवढ्या छोट्या अंतरात इतका वेग जायचा तर हवेने गोळीला तिच्या वजनाच्या शंभराहून अधिक पट जोराने अडवायला हवं. तोवर तोफखान्याची पुस्तकं गोळ्याचा मार्ग काढताना गॅलिलिओचा अन्वस्त धरून चालत आणि हवेला क्षुल्लक समजत. लाकडाच्या एका झुलत्या फळीने तो समज मोडला. थोर गणितज्ञ ऑयलरने १७४५ मध्ये हे पुस्तक स्वतःच्या विस्तृत टिपांसह जर्मनमध्ये आणलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करायला भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

या साधनात चुका कुठे शिरतात हेही पाहायला हवं. सर्वांत मोठं गृहीत म्हणजे गोळी आत राहते. समजा फळी पातळ होती आणि गोळी आरपार जाऊन सेकंदाला १०० मीटर वेगाने पलीकडे निघाली. मग तिने एकतृतीयांश संवेग सोबतच नेला. ठोकळ्याला एक मीटरच्या आसपास वेग मिळतो आणि तो साडेअकराऐवजी पाच सेंटिमीटर चढतो. आता याच्या उलट समजा, की ठोकळ्यावर पोलादी पत्रा आहे आणि गोळी १०० मीटर वेगाने उलट फिरली. अनेकांना वाटतं की गोळी रुतली तरच ठोकळ्याला पूर्ण धक्का बसेल. खरं तर उलटणारी गोळी आपला सगळा संवेग देते आणि वर मागे जाण्यापुरता आणखी देते. ठोकळा वीस सेंटिमीटर चढतो. मागे उडणाऱ्या लाकडाच्या चिरफळ्याही हेच करतात. त्या झोका थोडा वाढवतात आणि वेग फुगवून दाखवतात. म्हणून प्रत्येक बारानंतर भोक तपासायचं, मागच्या बाजूला फुगवटा किंवा छिद्र आहे का ते पाहायचं, आणि ठोकळा पुन्हा तोलायचा, कारण दर बाराला त्यात दहा ग्रॅम शिसं वाढलेलं असतं.

गोळी मधोमध न लागता एका बाजूला लागली तर दोऱ्यांचा ठोकळा झुलण्याबरोबर डुलायलाही लागतो. त्या डुलण्याने मोजलेला आकडा भरवशाचा राहत नाही. ठोकळा सरळ न जाता नागमोडी हलला, तर तो आकडा वहीत लिहूच नये.

हाच प्रयोग बंदुकीशिवाय गच्चीवर करता येतो. अर्ध्या किलोच्या आसपास भरेल असा पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्यात जुनी लुगडी सैलसर कोंबा आणि समोरची बाजू उघडी ठेवा. चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीच्या, दीड मीटरच्या दोऱ्या बांधून तो टांगा. मुलाला जवळून, आडवा आणि जोरात टेनिसचा चेंडू फेकायला सांगा. चेंडू ५८ ग्रॅमचा असतो. तो आत राहिला पाहिजे, उसळून बाहेर आला तर ती फेक धरायची नाही. समजा चेंडू सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने आला. खोका सेकंदाला साधारण दीड मीटरने निघेल आणि बारा सेंटिमीटर वर जाईल. उंची डोळ्यांनी पकडणं कठीण जातं, म्हणून खोक्याच्या मागे एक लांब नाडी बांधा आणि ती कपड्याच्या चिमट्यातून हलकेच सरकेल अशी अडकवा. खोका ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला चिमटा असावा, म्हणजे नाडी ओढली जाईल. सुमारे ६१ सेंटिमीटर नाडी बाहेर येईल.

मग खोक्यात एक वीट ठेवून पाहा. वजन अडीच किलो झालं, तर त्याच चेंडूने खोका जेमतेम सहा मिलिमीटर उचलला जाईल. पाहणाऱ्याला वाटेल की तो उचललाच गेला नाही. नाडी मात्र तेरा सेंटिमीटर बाहेर आलेली असेल.